राग येतो, कोप होतो

उदगीरला कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या अगदी कडेच्या टपरीत राजकन्या बसायची. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकाला बसायला बाकडं आणि बाहेर पाटी: येथे सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील. सर्व प्रकारचे म्हणजे बहुतेक तक्रारीचेच. सुखी माणूस कशाला येतोय अर्ज लिहायला!

माणसं तिच्याकडं रागानं लाल होऊन यायची आणि तो राग कागदावर जसाच्या तसा उतरावा म्हणून हट्ट धरायची. रुक्मिणबाईचंच घ्या. शेजाऱ्याचं सांडपाणी दारात येतं म्हणून ती आली आणि पदर खोचून म्हणाली, "लिही पोरी, मी पिसाळलेय म्हणून लिही."

"मावशी, पिसाळतं ते कुत्रं," राजकन्या म्हणाली. "असं लिहिलं तर ग्रामसेवक तुमच्या दारात यायच्या आधी दवाखान्यात जाऊन सुई घेईल."

मग तिनं लिहिलं, की सांडपाण्यामुळं त्रास होत आहे, दोनदा तोंडी सांगूनही उपयोग झाला नाही, त्यामुळं अर्जदार नाराज आहे, तरी नाली काढून द्यावी. रुक्मिणबाईचं तोंड उतरलं. एवढ्या मोठ्या रागाचा एवढासा शब्द! पण नाली निघाली. राजकन्याचं म्हणणंच ते, की अर्जातला राग हा गिऱ्हाइकाच्या मापाचा नसतो, कामाच्या मापाचा असतो.

हे तिला शिकवलं शेषेरावांनी. टपरी मूळ त्यांची. त्यांच्या हाताखाली ती टायपिंग करायची, आणि ते एकेका शब्दावरून तिला फैलावर घ्यायचे. म्हणायचे, त्रास लिहिलं की कारकून वाचतो, नाराजी लिहिली की साहेब वाचतो, आणि संताप लिहिला की साहेब आधी अर्जदाराचं नाव वाचतो. वैताग घरी ठेवायचा, त्यात तक्रार कमी आणि रडगाणं जास्त. चीड लिहायची ती समोरच्यानं जाणूनबुजून अन्याय केला असेल तरच. रोष एकट्या माणसाला नसतो, त्याला खाली दहावीस सह्या लागतात. राग तर लिहायचाच नाही, नवराबायकोचं भांडण वाटतं. "आणि पहिल्याच अर्जात संताप उधळलास, तर तिसऱ्या अर्जात काय घालशील? शिव्या?"

एकदा कुणाच्या तरी अर्जात तिनं 'कोप' लिहिला होता. शेषेरावांनी कागदच फाडला. "राग माणसाला येतो," ते म्हणाले. "कोप माणसाला येत न्हाई, माणसावर होतो. देवीचा होतो, आभाळाचा होतो. त्यो शब्द आपल्या दुकानातला न्हाई."

शेषेराव गेले, दुकान राजकन्याचं झालं. तिचं लग्न मोडलं होतं, आईवडील नव्हते. होता तो एक धाकटा भाऊ, बबलू. त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलेलं, तिनंच शाळेत ढकललेलं. शाळा काही त्याला मानवली नाही. तो जेसीबी चालवायला शिकला आणि त्या पिवळ्या धुडावर असा बसायला लागला, की जणू सासऱ्यानं हत्ती दिलाय. नुकतंच एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडं त्याला काम लागलं होतं. राजकन्यानं पेढे वाटले होते.

थंडीचे दिवस होते. सकाळी सकाळी एक म्हातारा टपरीत आला. उंच, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात स्वच्छ पांढरी बंडी. होसवाडीचा वीरण्णा म्हणून त्यानं नाव सांगितलं. होसवाडी म्हणजे अगदी हद्दीवरचं गाव, तिथं अर्धं घर मराठी बोलतं आणि अर्धं कानडी.

"बोला आप्पा, कुणावर तक्रार?"

"पंचायतीवर. आमच्या रुद्रभूमीतून मुरूम काढायलेत. रस्त्याला."

रुद्रभूमी म्हणजे त्यांची मूठमाती द्यायची जागा. राजकन्यानं हळहळ दाखवली आणि बोटं कीबोर्डवर ठेवली. "तुम्हाला काय काय त्रास व्हायलाय ते सांगा."

"मला न्हाई. आव्वाला." म्हातारा म्हणाला. आव्वा म्हणजे आई. "तिनं सांगितलंय, लिहून दे म्हणून."

ह्या वयाच्या माणसाची आई म्हणजे किती जख्ख असेल! राजकन्याला जरा गंमतच वाटली. "आई लई चिडल्यात का?"

वीरण्णानं डोळे मिटले. कुणाचं तरी ऐकून सांगावं तसं तो सावकाश म्हणाला, "न्हाई. अजून चिडली न्हाई. बेजार हाय."

"आणि मुरूम कुणाचं मशीन काढतंय?"

त्यानं कंत्राटदाराचं नाव सांगितलं. मशीनवर एक तरणं पोरगं आहे, लाल टोपीवालं, हेही सांगितलं. लाल टोपी राजकन्यानंच बबलूला आणली होती, थंडी लागू नये म्हणून.

तिची बोटं जरा थबकली. अर्जात जोर असला तर काम बंद पडणार. काम बंद पडलं तर आधी घरी बसणार तो मशीनवाला. पण पहिला अर्ज, तो तर मऊच असायला हवा. शेषेरावांचा नियमच आहे. तिनं लिहिलं, 'सदर उत्खननामुळे अर्जदाराच्या आईची गैरसोय होत आहे, तरी योग्य तो विचार व्हावा.' विचार व्हावा! काय व्हावं, कधीपर्यंत व्हावं, काहीच नाही. बेजाराचीही तिनं गैरसोय करून टाकली होती. पण नियमात बसतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि प्रिंट काढली.

वीरण्णानं कागद हातात घेतला. वाचला नाही, त्यावर नुसता तळवा ठेवला.

"गार हाय," तो म्हणाला.

"पहिला अर्ज असाच असतो आप्पा. आईचा अंगठा घ्यायचा तर त्यांना घेऊन या."

"ती येत न्हाई कुठं. तिथंच बसलेली असती."

बिचारी म्हातारी मुरमाच्या खड्ड्याकाठी राखण करत बसली असेल, असं राजकन्याच्या डोळ्यांपुढं आलं. तिला वाईट वाटलं. पण संध्याकाळी बबलू जेवायला बसला, तेव्हा तिनं अर्जाचं काही सांगितलं नाही.

बबलूच बोलला. "आक्का, नवल बघ. मुरूम कोमट निघायलाय."

"ऊन पडत असंल."

"सकाळी ऊन कुठलं? बकेट वर आला की वाफ निघती. पोरं हात शेकून घ्यायलीत." तो हसला आणि आणखी भाकरी मागितली. राजकन्यानं वाढली. मात्र त्या रात्री तिला नीट झोप आली नाही, आणि का येत नाही ते तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात वीरण्णा परत आला. अर्जाचं काही झालं नव्हतं. होणार कसं, तशा अर्जाचं!

"आता सिट्टु आलाय तिला," तो बाकड्यावर बसत म्हणाला.

एवढी कानडी उदगीरच्या बाजारात कुणालाही येते. सिट्टु म्हणजे राग, चांगला घरचा, खणखणीत राग. दुसऱ्या अर्जात त्याला 'तीव्र नाराजी' हा शब्द बसला असता, आणि शेवटी आठ दिवसांची मुदत. राजकन्यानं तेच टाईप केलं. मग बबलूची लाल टोपी आठवली आणि तिनं 'तीव्र' खोडला. मुदतही खोडली. राहिलं ते असं: 'अर्जदाराची आई नाराज आहे.'

वीरण्णानं पुन्हा तळवा ठेवला. पुन्हा तेच म्हणाला, गार हाय. ह्या खेपेला त्याच्या आवाजात काळजी होती. "बाई, तुम्ही तिला कमी लिहायलाव. कमी लिहिलं की ती जास्त होती. जे तोंडावाटं जात न्हाई, ते दुसरीकडनं निघतं."

राजकन्याला राग आला. धंदा हिचा आणि शिकवणार हा! "आप्पा, मला अर्जाचं कळतं," ती तुटकपणे म्हणाली.

संध्याकाळी बबलू आला तो उजव्या हाताला फडकं गुंडाळून. खड्ड्यात उतरून बकेटच्या दातात अडकलेला दगड काढायला गेला आणि तळहात भाजला. टरारून फोड आले होते. चपलांचे तळवे मऊ पडून वाकडे झाले होते. राजकन्यानं त्याचा हात मांडीवर घेतला.

"उद्यापासून जाऊ नको तिकडं."

"काहून? असं काम सोडत असतेत का?"

"तिथं कुणाची तरी आई हाय. तिचं मन दुखायलंय."

बबलू मोठ्यानं हसला. "त्यो अर्ज व्हय! सरपंच भागवतरावांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला आज. म्हणले, आई नाराज हाय म्हणतोय ह्यो. आरं, आई नाराज असतीच की! माझी तर रोज असती. सगळे लई हसले. म्हणले, नाराजच हाय ना, मग चालू द्या."

राजकन्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं भावाची भाकरी वाचवायला शब्द मऊ केला होता, आणि त्याच मऊ शब्दावर हसून त्यांनी तिच्या भावाला पुन्हा त्या खड्ड्यात पाठवलं होतं. पण हे त्याला सांगायचं म्हणजे अर्ज कुणी लिहिला तेही सांगावं लागलं असतं. ती खोबरेल आणून त्याच्या हाताला लावत राहिली.

तिसऱ्या वेळी वीरण्णा आला तेव्हा टपरीत दोन गिऱ्हाइकं होती. ती काही न सांगता उठून बाहेर गेली. म्हातारा बसला नाही. त्याचं कपाळ घामानं भिजलं होतं आणि विभूतीचे पट्टे ओघळले होते. बाहेर लोक स्वेटर घालून चहा पीत होते.

"लिहा," तो म्हणाला. "आव्वाचा कोप व्हायलाय."

कोप! राजकन्याचा हात क्षणभर हवेत राहिला. मग तिची हुशारी आडवी आली. कानडीत कोप म्हणजे काय, साधा रागच. तिकडं पोरगं दूध प्यायलं नाही तरी आईला कोप येतो. हा कानडी कोप मराठीत आणायचा तर 'नाराजी'च, फार तर 'तीव्र नाराजी'. उदगीरला राहून एवढा फरक कळायलाच हवा, आणि तो आपल्याला कळतो याचं तिला जरा बरंही वाटलं. तिनं 'तीव्र नाराजी' टाईप केलं. ह्या वेळी खोडलं मात्र नाही.

"आईच्या नावानं अर्ज करू," ती म्हणाली. "त्यानं वजन येईल. नाव सांगा आणि आज तरी त्यांचा अंगठा आणा."

"नाव केवळाबाई. अंगठा कसा आणू बाई? तिला बसवून लई वरसं झाली. मी मिसरूड फुटलेला होतो तवा."

"बसवून म्हणजे?"

"आमच्यात निजवत न्हाईत. बसवतेत. मातीत, मांडी घालून."

राजकन्याला त्याचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. ती येत न्हाई कुठं. तिथंच बसलेली असती. तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो वेडा दिसत नव्हता. थकलेला, घाबरलेला दिसत होता.

"आप्पा, तुम्ही मगाशी काय म्हणालात? कोप आलाय का कोप व्हायलाय?"

"व्हायलाय." म्हातारा तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "मी काय कानडीत बोलायलोय का? मराठी अर्जाचं मराठीतच सांगायलोय. कोप. आज ते खणत खणत तिच्या मांडीपर्यंत आलेत."

पहिल्यापासून तो शब्द मोजूनमापून सांगत होता. बेजार म्हणजे बेजारच, सिट्टु म्हणजे सिट्टुच, आणि कोप म्हणजे कोप. कमी करत आली ती राजकन्या. तिनं स्क्रीनवरची 'तीव्र नाराजी' काढून टाकली. शेषेरावांनी ज्याच्यासाठी कागद फाडला होता तो शब्द लिहिला: 'होसवाडी येथील रुद्रभूमीत बसलेल्या केवळाबाई यांचा कोप होत आहे. उत्खनन या क्षणी थांबवावे. अनुचित प्रकार घडल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' शेवटची ओळ ती रोज लिहायची. सवयीची ओळ. आज ती लिहून तिनं पुन्हा एकदा वाचली.

टपरीला कुलूपही न लावता ती वीरण्णाला घेऊन रिक्षानं होसवाडीला निघाली. वाटभर बबलूला फोन लावत होती. तो उचलत नव्हता. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय!

रुद्रभूमी गावाबाहेर, निंबाच्या झाडांपलीकडं होती. झाडांची खड्ड्याकडची पानं करपून गेली होती. जवळ जाईल तसं राजकन्याच्या चपलेतून ऊब वर येऊ लागली, मग चटका. काठावर सरपंच भागवतराव खुर्ची टाकून बसले होते, आणि खाली खड्ड्यात बबलूचं मशीन चालू होतं. काठाची माती उभी कापलेली. बकेट त्या मातीत शिरत होता आणि प्रत्येक वेळी आतून वाफेचा लोट येत होता.

"आला का तिसरा?" भागवतरावांनी हसतच कागद घेतला. "आज आई काय, रुसली का?"

मग त्यांनी वाचलं. हसू ओठांवरच राहिलं आणि बाकीच्या चेहऱ्यावरून निघून गेलं. ते काही भाबडे गृहस्थ नव्हते. दोन निवडणुका जिंकलेला माणूस. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो शब्द सांगावा लागत नाही. लहानपणी अंगावर देवी निघाल्यावर घरातल्या बायका दबक्या आवाजात जो शब्द बोलतात, तो असा पंचायतीच्या नावानं छापून आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते खुर्चीवरून उठले.

"थांबवा रे," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं, "मशीन थांबवा!"

खाली बबलूला काही ऐकू गेलं नाही. राजकन्या काठापर्यंत धावली. पायांची आग होत होती. "बबल्या, उतर! उतर म्हणते ना!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि इंजिनाचा आवाज तिचं ओरडणं गिळत होता. त्या वेळी तिला देवाचीही आठवण झाली नाही. एवढंच वाटलं, की आपण 'तीव्र' खोडला नसता तर हा पोरगा आज घरी असता.

बबलूनं एकदम मान वळवली. तिच्याकडं नाही, दुसरीकडं, स्वतःच्या खांद्यामागं. कुणी कानाशी बोलल्यासारखं. त्यानं मशीन बंद केलं, दार उघडलं, उडी मारली आणि धडपडत काठ चढून वर आला. तो वर आला आणि समोरची उभी माती सावकाश, अगदी घाई नसल्यासारखी, मशीनवर येऊन बसली. धूळ खाली बसली तेव्हा तिथं पिवळा रंग कुठंच दिसत नव्हता.

राजकन्यानं भावाला छातीशी धरलं आणि ती मोठमोठ्यानं रडली. बबलू मात्र बावरून इकडंतिकडं बघत होता.

"आक्का, तू मला मगा काहून म्हणालीस?"

"मी कुठं?"

"'इळी मगा' म्हणालीस की. कानाजवळ. उतर लेकरा म्हणून. म्हातारीचा आवाज काढून."

वीरण्णा काठावर बसला होता. त्यानं जमिनीवर तळवा टेकला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काम तिथंच बंद झालं. भागवतरावांनी खड्डा बुजवायचा ठराव त्याच आठवड्यात घेतला आणि पुन्हा कधी त्या अर्जाची थट्टा केली नाही. बबलूला दुसरं काम बघावं लागलं. राजकन्यानं त्याला सगळं खरं सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही आणि मग बोलायला लागला. त्याचा हात भरून आला. राजकन्याला वाटलं, सुटलो आपण.

एका दुपारी वीरण्णा टपरीत आला. कपाळावर विभूतीचे पट्टे नीट होते, बंडी स्वच्छ होती. राजकन्यानं त्याच्यासाठी चहा सांगितला. त्यानं तो शांतपणे प्यायला आणि म्हणाला, "बाई, एक अर्ज लिहायचाय. आव्वाचा."

"आता कशाचा? खड्डा तर बुजवला."

"पंचायतीवरचा कोप गेला. लेकराला तर तिनं स्वतः उतरवलं. त्याच्यावर काहीच नव्हतं तिचं. तिचं बोलणं तुम्ही दोन वेळा कमी केलं, ते राहिलंय. ते कागदावर घ्या म्हणाली."

टपरीत नेहमीचाच उजेड होता. बाहेर झेरॉक्सवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. राजकन्यानं कीबोर्ड जवळ ओढला.

"काय आलंय त्यांना आप्पा? बेजार? सिट्टु?"

"ते ती सांगत न्हाई." वीरण्णाच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट त्याला तिची दया येत असावी. "म्हणाली, शब्द त्या बाईलाच काढू दे. मापं तिच्याकडंच हायत."

राजकन्यानं नवीन पान उघडलं. 'नाराज' लिहिणं सोपं होतं. शब्द बोटांवर आलाही होता. पण कमी लिहिलं की काय होतं ते तिनं बबलूच्या तळहातावर पाहिलं होतं. आणि भीतीपोटी वाढवून लिहिलं, तर आपणच त्याला आवतण दिल्यासारखं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे राग मापले; स्वतःवरचा राग कधी मापला नव्हता. तिनं आपल्या मेलेल्या आईचा विचार केला. तिच्या मांडीपर्यंत माती उकरत आणली असती, आणि तिचं ओरडणं कुणी शिकल्यासवरल्या बाईनं टपरीत बसून गैरसोय म्हणून लिहिलं असतं, तर? तेही जाणूनबुजून, स्वतःच्या भावासाठी?

मग तिला शब्द शोधावा लागला नाही. जाणूनबुजून केलेल्या अन्यायाला एकच शब्द असतो. तिनं लिहिलं: 'अर्जदार केवळाबाई यांना सदर इसमाच्या वागण्याची चीड आली आहे.' वर विषय लिहिला, तारीख टाकली, तिन्ही अर्जांचा संदर्भ दिला आणि कोणत्या अर्जात कोणता शब्द खोडला तेही सांगितलं. काही लपवलं नाही. दोन प्रती काढून तिनं म्हाताऱ्यापुढं ठेवल्या.

वीरण्णानं ह्या वेळी कागद डोळ्यांनी वाचला, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. त्यानं मान डोलावली.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"कुणाला द्यायचा हा?" राजकन्यानं विचारलं, जरी तिला ते कळलं होतं.

म्हाताऱ्यानं एक प्रत तिच्याकडं सरकवली आणि दुसरी पुढं धरून तिच्या हातात पेन दिलं.

"तक्रार तुमच्यावर हाय बाई. पोच द्या."

राजकन्यानं दुसऱ्या प्रतीवर तारीख घातली, 'अर्ज मिळाला' असं लिहिलं आणि खाली सही केली.